मदत हवी आहे: चुकीची कमेंट टॉपवरून खाली कशी येईल?

माझ्या सायकल दुरुस्तीच्या यूट्यूब व्हिडिओखाली एकाने चेन साफ करायची चुकीची पद्धत लिहिलीय, तिला ४१ लाइक आणि २६ रिप्लाय, त्यातले ९ तर माझेच, समजावत बसलो होतो. बरोबर माहिती मी पिन केली, पण पिन एकच करता येतं आणि त्याखाली लगेच तीच कमेंट दिसते. रिप्लाय देणं थांबवून आठवडा झाला, 'नवीन आधी' लावलं की ती खाली जाते पण ते फक्त माझ्यापुरतं. डिलीट करायची नाहीये, माणूस प्रामाणिक आहे. खाली एकाची अचूक कमेंट आहे, तिला हार्ट दिलं तर ती वर सरकते की फक्त त्याला नोटिफिकेशन जातं? आणि माझे ९ रिप्लाय काढले तर फरक पडेल का?