निरोपाच्या भाषणात एथिकल मार्केटिंगवर काय बोलावं?

"मी क्लबची मावळती अध्यक्ष आहे. शेवटच्या भाषणात एथिकल मार्केटिंग का महत्त्वाचं ते सांगायचंय, पण सगळं पुस्तकी वाटतंय."

व्याख्या सांगत बसू नकोस, मी फक्त एवढंच म्हणेन की क्लबचीच एखादी चूक सांग. मी अध्यक्ष असताना माझ्या शेवटच्या भाषणात तेच केलं होतं. आमच्या वर्कशॉपला १२० जागा होत्या, जेमतेम ४० भरलेल्या, आणि आम्ही पोस्टरवर टाकलं 'फक्त ५ जागा शिल्लक' आणि फॉर्मवर काउंटडाउन टायमर लावला, जो पेज रिफ्रेश केलं की परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. दोन दिवसांत एकूण नावं ११० झाली, आम्ही खूश. प्रत्यक्षात आले ५२, आणि अर्धा हॉल रिकामा बघून त्यांना कळलंच की ५ जागांची गोष्ट खोटी होती. पुढच्या कार्यक्रमाला खरंच जागा कमी होत्या, तसं लिहिलं तर कोणी विश्वासच ठेवला नाही.

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की घाई करायला लावून आपण लोकांचा विचार करायचा वेळ काढून घेतो, मग ते नाव देतात पण मनापासून ठरवत नाहीत, म्हणून येत नाहीत. नुसता साइनअपचा आकडा बघितला तर हे दिसतच नाही, हजेरी आणि परत येणारे किती ते बघावं लागतं. जागा खरंच कमी असतील तर बिनधास्त लिहा, त्यात काही गैर नाही, फक्त आकडा खरा हवा आणि शेवटची तारीख का आहे तेही लिहा. नंतर आम्ही '१२० पैकी ४० भरल्या' असंच टाकायला लागलो, नावं कमी आली पण आली ती माणसं बसली.