मदत हवी आहे: वर्गातल्या गोंगाटी रेकॉर्डिंगवरून केळीच्या तासाच्या नोट्स

चोपड्याची पोर
कृषी पदविकेला आहे. केळी लागवडीचा ४२ मिनिटांचा तास मोबाइलवर रेकॉर्ड केला. मी मागच्या बाकावर होते, डोक्यावर पंखा घरघरत होता आणि शेजारी दोघींच्या गप्पा. सरांचं अर्धंच ऐकू येतं. १२:४० ला अंतर 'दीड बाय दीड' म्हणतात की 'अडीच बाय अडीच', कळत नाही. ३१:०५ ला करप्याच्या औषधाचं नाव 'प्रोपि...' आणि पुढचं खोकल्यात गेलं. परवा चाचणी आहे.

रावेरवाला
माझ्याकडे मागच्या वर्षीच्या नोट्स आहेत, फोटो टाकू का?

चोपड्याची पोर
दादा, सरांनी या वर्षी आकडे बदललेत. मला याच तासाचं हवंय.

भुसावळकर
ऑडॅसिटीत Noise Reduction पूर्ण ताणून लाव, सगळा आवाज जाईल.

टेपवाला काका
भाऊ, अर्धं बरोबर. आधी मूळ फाइलची कॉपी ठेव. मग सर बोलत नाहीत, नुसता पंखा चालू आहे असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडून Get Noise Profile दाब. नंतर सगळी फाइल निवडून त्याच खिडकीत कपात ६ ते ८ डेसिबलच ठेव. पूर्ण ताणलंस तर 'स', 'श' खाल्ले जातात आणि सर पाण्याखालून बोलल्यासारखे वाटतात. पंखा एकसारखा वाजतो म्हणून तो कमी होतो. पोरींच्या गप्पा जाणार नाहीत, तिथे हेडफोन लावून मूळ फाइलच ऐकावी लागते.

आता अंतर. सरांनी झाडांची संख्या सांगितली होती का?

चोपड्याची पोर
हो! 'हेक्टरी चार हजार चारशे चव्वेचाळीस', तेवढं स्वच्छ आहे.

टेपवाला काका
मग हिशेबच सांगतो. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. दीड बाय दीडला एका झाडाला २.२५ चौरस मीटर, म्हणजे ४,४४४ झाडं. अडीचला १,६०० च बसतात. दीड लिही, पण बाजूला 'हिशेबावरून' अशी खूण ठेव, कारण कानानं ऐकलेलं वेगळं आणि काढलेलं वेगळं.

औषधाचं मात्र असं करू नकोस. प्रोपिकोनाझोल आणि प्रोपिनेब, दोन्ही बुरशीनाशकंच. मात्रा ऐकू येते का?

चोपड्याची पोर
'लिटरला एक...' आणि पुढे मिली की ग्रॅम, तिथेच बाक सरकवलाय कुणीतरी. 😩

भुसावळकर
एक म्हणजे मिलीच असणार, प्रोपिकोनाझोल लिहून टाक.

टेपवाला काका
प्रोपिकोनाझोल पातळ येतं, प्रोपिनेब बहुधा भुकटीत. त्यामुळे मिली ऐकू आलं असतं तर कल कळला असता. पण 'एक'वरून ठरवू नकोस. नोट्समध्ये असं ठेव:

```
[३१:०५ अस्पष्ट: प्रोपि___, १ ___/लिटर. सरांना विचारणे]
```

रिकामी जागा अंदाजानं भरली की आठवड्यानं तोच अंदाज सरांचं वाक्य वाटायला लागतो.

चोपड्याची पोर
उद्या सकाळी सरांना गाठते. अशा नऊ खुणा झाल्यात, पाच हिशेबानं सुटल्या.