सेल्फ मारला की नुसतं ‘टक’, किकला मात्र पहिल्या झटक्यात चालू: काय तपासलंत, काय निघालं?

धागा सुरू करणारी, भांडुप: पावसाळ्यात उघड्यावर लागणाऱ्या स्कूटरांचं हे ठरलेलं दुखणं. आधी बॅटरी बदलतात, मग सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा रिले, आणि शेवटी कळतं की एक वायर ढिली होती. कोणत्या तपासणीतून दोष नेमका सापडला, ते आकड्यांसकट लिहा.

दादर: हॉर्न खणखणीत वाजतो आणि लाईट झगझगीत लागतो, म्हणजे बॅटरी ठीक. दोष रिलेचाच. रिले बदला, मोकळे व्हा.

गॅरेजवाला, विक्रोळी: दादा, अर्धंच बरोबर आहे. हॉर्न वाजला म्हणजे बॅटरी पूर्ण मेलेली नाही, एवढंच कळतं. हॉर्न जेवढा करंट खेचतो, त्याच्या कितीतरी पट सेल्फची मोटर खेचते. थकलेली बॅटरी हॉर्न वाजवते आणि मोटरपुढे मान टाकते.

आधी कान द्या. ब्रेक दाबून सेल्फ मारल्यावर भराभर ‘टकटकटक’ आलं, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते नाहीतर तिचं टर्मिनल ढिलं असतं. रिले ओढतो, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, पुन्हा ओढतो. काहीच आवाज नसेल तर मागचा ब्रेक लाईट लागतो का बघा. बहुतेक स्कूटरांत ब्रेकचा स्विच काम करत नसेल तर सेल्फच्या बटणाचा करंट रिलेपर्यंत पोचतच नाही. तो पन्नास-शंभर रुपयांचा स्विच तपासायचा सोडून लोक बॅटरी घेऊन येतात.

एकच ‘टक’ येत असेल तर मल्टिमीटर काढावाच लागतो. गाडी मेन स्टँडवर लावा, मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून सेल्फ मारायला सांगा. मीटरची टोकं बॅटरीच्या खांबांवरच टेकवा, वायरच्या चिमट्यावर नको. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्ट आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं, तर बॅटरी कमजोर. ती रात्रभर चार्ज करून पुन्हा बघा, तरच बदलायचा निर्णय घ्या.

चेंबूर: माझी तर किकलाही चालू होत नाही. प्लग बदलला. हेच लागू पडेल का?

गॅरेजवाला, विक्रोळी: काका, तुमचं दुखणं वेगळं. किकला चालू होत नसेल तर ठिणगी आणि पेट्रोल तपासा. इथला प्रश्न मोटर फिरतच नाही हा आहे.

इलेक्ट्रिशियन, ठाणे: विक्रोळीच्या दादांचं पुढे नेतो. गेल्या आठवड्यातली गाडी घ्या. बंद असताना १२.५ व्होल्ट. सेल्फ मारल्यावर एक ‘टक’, मोटर ढिम्म, आणि बॅटरीवर १२.३. इथेच थांबून विचार करायचा. मोटरने करंट खेचलाच असता तर व्होल्टेज एवढं टिकलं नसतं. म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली आहे.

मग रिलेच्या दोन जाड बोल्टांवर मीटर लावून सेल्फ मारायला लावला. तिथे १२ आले असते तर रिले नुसता ‘टक’ करतोय, आतला संपर्क जळलाय, असं म्हटलं असतं. आलं जवळपास शून्य. रिले निर्दोष. शेवटी एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताच १२ व्होल्ट! चांगल्या गाडीत इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. इंजिनला येणारी अर्थची वायर ज्या बोल्टवर होती, तिथे हिरवट बुरशी आणि गंज. दिवे-हॉर्न चालू होते, कारण त्यांची अर्थ चेसिसवरून वेगळी होती. बॅटरीचा निगेटिव्ह सोडला, बोल्ट काढला, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत केल्या, घट्ट आवळलं आणि वर पेट्रोलियम जेली फासली. नंतर सेल्फ मारताना बॅटरीवर १०.८, मोटर झोकात.

दादर: मग स्क्रू ड्रायव्हरने रिलेचे बोल्ट जोडून मोटर फिरवून बघतात, ते?

इलेक्ट्रिशियन, ठाणे: मोठी ठिणगी उडते आणि पेट्रोलची नळी जवळच असते. मीटर असताना ते नकोच.

मालाड: एक भर. नवी बॅटरीही आठवड्यात उतरत असेल, तर इंजिन जरा रेस करून बॅटरीवर मीटर लावा. १३.५ ते १४.५ आलं पाहिजे. १२.४वरच राहिलं तर चार्जिंग होत नाही, आणि कितीही बॅटऱ्या बदलल्या तरी तेच.

गॅरेजवाला, विक्रोळी: आवाज न करता सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांत सेल्फची वेगळी मोटर नसते. तिथे रिलेची ही तपासणी लागू नाही. बॅटरी आणि अर्थ मात्र तशीच बघा.

भांडुप: थंड असताना सेल्फ चालतो आणि तासभर चालवून थांबलं की नाही, हे कुणी पकडलंय का?

इलेक्ट्रिशियन, ठाणे: ताई, तिथे मोटरचे कार्बन ब्रश किंवा तापलेला रिले, दोन्ही शक्य आहे. गाडी गरम असतानाच तेच तीन आकडे घ्या आणि इथे टाका. थंड गाडीवरून मी सांगणार नाही.