अनुभव धागा: घरचे फोटो, कागदपत्रं आणि दोन हार्ड डिस्क

मृण्मयी_स: लॅपटॉपवर Ghar या एकाच फोल्डरमध्ये सगळ्यांचे फोटो आणि सातबारा, विमा, मार्कशीटचे स्कॅन गोळा केलेत. एक-एक टीबीच्या दोन डिस्क आहेत. दर महिन्याला नेमानं बॅकअप घेणारे नेमकं काय करतात? आपापली पद्धत लिहा.

वाईकर: मी पहिल्या डिस्कवर कॉपी करतो आणि तिच्यावरून दुसरीवर. दोन्हींत सारखंच राहतं.

दिगंबर_ना: वाईकर, दोन डिस्क ठेवता हे उत्तम, पण पहिलीवर एखादी फाइल खराब झाली तर तीच दुसरीवर जाते. दोन्ही डिस्क लॅपटॉपवरूनच भराव्यात, तेही आलटून पालटून: एका महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरी. दोन्ही एकाच वेळी जोडायच्या नाहीत. मी विंडोजवर हे चालवतो (आधी E: हीच आपली डिस्क आहे ना, ते पाहून):

```
robocopy D:\Ghar E:\Ghar /E /R:1 /W:1
```

यात फक्त नवे आणि बदललेले फोटो जातात, डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. /E ऐवजी /MIR लिहिलं, तर लॅपटॉपवरून चुकून उडालेला अल्बम डिस्कवरूनही उडतो.

शेवटी येणारा तक्ता मी दरवेळी वाचतो. FAILED खाली शून्य हवं. Extras म्हणजे डिस्कवर आहे, पण लॅपटॉपवर नाही. तो आकडा अचानक वाढला, तर लॅपटॉपवरून काय गेलं ते शोधायचं. Copied मध्ये हजारो जुने फोटो दिसले, तर त्या फायली कशानं तरी बदलल्यात. अशा वेळी दुसरी डिस्क अजिबात जोडायची नाही, जुन्या चांगल्या प्रती तिच्यावरच असतात.

शुभदा_५८: माझी डिस्क टकटक आवाज करते आणि दिसतच नाही. यानं नातीच्या बारशाचे फोटो परत येतील का?

दिगंबर_ना: नाही ताई, हे पुढच्यासाठी आहे. ती डिस्क पुन्हा पुन्हा लावू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे तशीच न्या.

कोकणी_माणूस: माझ्या जुन्या डिस्कवर लग्नाचा व्हिडिओ जाईना. ती FAT32 होती, ४ जीबीची फाइल घेत नाही. रिकामी करून NTFS केली.

वाईकर: पण /MIR नसेल तर नको असलेले फोटो साठत जातील की! मला डिस्क आटोपशीर लागते.

दिगंबर_ना: साठू देत. वर्षातून एकदा हातानं काढा.

मृण्मयी_स: एक डिस्क भावाकडे नाशिकला ठेवायचा विचार आहे. त्यात आधार-पॅन आहेत, पासवर्ड लावावा का?

कोकणी_माणूस: बिटलॉकर लावा. विंडोज होमवर ते सुरू करता येत नाही, प्रो लागतं. उघडता मात्र होमवरही येतं.

शुभदा_५८: पण वेळ आली तर घरच्यांना उघडता यायला हवी ना? आमच्याकडे पासवर्ड फक्त यांनाच माहीत असायचे.