व्हायव्हात उत्तर येत नव्हतं तेव्हा नेमकं काय बोललात?

खडूपाटी
पुतणीची एमबीबीएस फायनलची प्रॅक्टिकल्स नुकतीच झाली. एका प्रश्नावर तिने अंदाजाने ठोकून दिलं. परीक्षकांनी लगेच "का?" विचारलं आणि तिथून पुढचं सगळंच घसरलं. ती अजून त्याच विचारात आहे. उत्तर येत नसताना थाप न मारता कुणी सावरलंय का? त्या वेळी तोंडून निघालेले शब्द सांगितलेत तर तिला वाचून दाखवीन.

रातराणी
मेडिसिनची शॉर्ट केस. तिशीतली बाई, मायट्रल स्टेनोसिस. मर्मर नीट सांगितला. एक्सटर्नल म्हणाले, "ओपनिंग स्नॅप ऐकलास ना? मग इको न बघता नुसत्या स्नॅपवरून सांग, आजार कितपत वाढलाय?"

दुसरा साउंड आणि स्नॅप यांच्यातलं अंतर बघतात, एवढं आठवलं. आजार वाढला की अंतर वाढतं की घटतं, ते मात्र साफ विसरले होते. दोनातलं एक लागलंच असतं, त्यामुळे मोह झाला. पण पुढे "का?" येणार हे दिसत होतं. म्हणाले, "सर, अंतर बघतात हे आठवतंय, वाढतं की घटतं ते आठवत नाही. झडप कधी उघडते तिथून काढून बघू का?" ते "बघ" म्हणाले.

मग मोठ्याने बोलत गेले. दुसरा साउंड म्हणजे ॲओर्टिक झडप मिटली. त्यानंतर लेफ्ट व्हेंट्रिकलमधला दाब भराभर उतरतो. तो लेफ्ट एट्रियमच्या दाबाखाली गेला की मायट्रल उघडते, आणि तेव्हाच स्नॅप येतो. हिची वाट अरुंद, म्हणून एट्रियममध्ये रक्त तुंबून दाब चढलेला. समजा निरोगी माणसात तो 8 आहे आणि हिच्यात 25. व्हेंट्रिकलला 8 पर्यंत उतरायला जितका वेळ लागेल, त्याआधीच तो 25 ला पोचतो. म्हणजे झडप लवकर उघडणार आणि स्नॅप दुसऱ्या साउंडच्या जवळ येणार. अंतर कमी, तर आजार जास्त.

सर म्हणाले, "हिचं बीपी 180 असतं तर?" पुन्हा तीच वाट धरली. ॲओर्टामधला दाब जास्त असेल तर व्हेंट्रिकलचा दाब थोडा उतरताच ॲओर्टिक झडप मिटेल, म्हणजे दुसरा साउंड लवकर येईल. स्टेनोसिस तेवढाच असूनही अंतर वाढलेलं दिसेल आणि आपण फसू. "किती मिलिसेकंदांनी?" "आकडा माहीत नाही, सर." ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

देवराई
माझंही असंच झालं होतं. मी म्हणालो, पेशंटची नाडी जलद असली की सगळंच जवळ येतं, म्हणून स्नॅपही जवळ येतो. सरांनी मान हलवली, पण मार्क कमीच दिले. उत्तर बरोबर असताना असं का?

जुना स्टेथो
मी बरीच वर्षं परीक्षक होतो. देवराई, निष्कर्ष बरोबर आहे, मधली पायरी निसटली. "सगळंच जवळ येतं" हे कारण होत नाही. नाडी वाढली की डायस्टोलचा वेळ आखडतो, एट्रियम पुरतं रिकामं होत नाही, तिथला दाब आणखी चढतो, म्हणून स्नॅप जवळ येतो. रातराणींनी तेवढीच पायरी धरून ठेवली.

मात्र एक मर्यादा आहे. झडप चुन्याने कडक झाली की स्नॅपच ऐकू येत नाही. तिथे "स्नॅप नाही म्हणजे आजार सौम्य" असं तर्काने काढणारे मी पाहिलेत. आणि डोस तर्काने कधीच काढू नये. ॲनाफिलॅक्सिसमध्ये मोठ्या माणसाला ॲड्रेनलिन 0.5 मिलिग्रॅम, स्नायूत. हे पाठच हवं. एका मुलाने हिशेब मांडून दहापट आकडा सांगितला होता, तोही शिरेतून. त्याने "माहीत नाही" म्हटलं असतं तर मी वॉर्डमधला चार्ट बघायला सांगून पुढे गेलो असतो.

इस्त्री
माझा अनुभव एमपीएससीच्या मुलाखतीचा. तिथे मी सरळ "क्षमा असावी, माहिती नाही" म्हटलं आणि थांबलो. विचार करत बसलो नाही. हेच बरं नाही का?

रातराणी
इस्त्री, तिथे एखाद्या योजनेचं वर्ष विचारलं असेल तर हेच बरं, ते तर्काने निघत नाही. इथे झडपेमागचा दाब निघत होता.

खडूपाटी
पुतणीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, "काढून बघू का?" म्हटल्यावर परीक्षक "नको, पुढे चल" म्हणाले तर?

जुना स्टेथो
काही जण म्हणतात खरं. मी म्हणत नसे, बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही.