मदत हवी आहे: लॅपटॉप उशिरा सुरू होतो, पंखा घोंघावतो

राजेहो, जुना लॅपटॉप आहे, हार्ड डिस्कवाला. बटण दाबल्यावर डेस्कटॉप येईस्तोवर चहा पिऊन होतो. Task Manager मध्ये Disk कितीतरी वेळ १००% वर अडकलेली, CPU मात्र १०% च्या आतच. म्हणजे खोळंबा डिस्कचा, एवढं कळलं. कोडं पंख्याचं आहे. काही काम नसतानाही तो कूलरसारखा घोंघावतो आणि बाजूच्या जाळीतून हवा मात्र जेमतेमच येते. आत धूळ बसली असेल की थर्मल पेस्ट वाळली? सीताबर्डीतला एक दुकानदार सरळ मदरबोर्ड बदला म्हणतो, ते काही पटत नाही बुवा. एसएसडी टाकायचीच आहे, तर झाकण उघडल्यावर पंखाही घरीच साफ करू का? हवा मारताना पाती फिरू नयेत म्हणून तुम्ही काय अडकवता?