मदत हवी आहे: फोनवरील साक्षीदाराच्या मुलाखतीचे टिपण करताना अपुष्ट दावे कसे वेगळे ठेवावेत?

कोपरीकर
मी ठाण्यातील एका साप्ताहिकासाठी वार्तांकन करते. शहरातील एका जुन्या इमारतीत पहाटे दुसऱ्या मजल्यावरील घराचा स्लॅब खाली आला. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंशी मी फोनवर बोलले आणि त्यांच्या संमतीने ते बोलणे रेकॉर्ड केले. आता त्याचे पानभर टिपण करायचे आहे. बातमी माझा सहकारी लिहिणार असून तो रेकॉर्डिंग ऐकणार नाही, त्यामुळे टिपणात जे उतरेल तेच त्याच्या दृष्टीने बाईंचे म्हणणे ठरेल.

सध्याचा मसुदा असा आहे: "पहाटे सव्वाचारला स्लॅब कोसळला. इमारत धोकादायक इमारतींच्या सी-१ वर्गात असून पालिकेने नोटीस दिली होती. वरच्या घरात ठेकेदाराने खांब काढला होता. सात जण अडकले होते." याच्या शेवटी "पडताळणी बाकी" असे लिहिणे पुरेसे आहे का?

नौपाड्याचा वाचक
प्रत्येक वाक्याआधी "साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार" लिहावे, म्हणजे प्रश्न मिटतो. त्या काय म्हणाल्या एवढेच आपण सांगत आहोत.

जुना उपसंपादक
त्याने कोण बोलले ते कळेल, पण तिला ते कसे कळले हे कळणार नाही. शिवाय दुसऱ्याचा आरोप आपण छापला, तर "म्हणण्यानुसार" एवढ्या शब्दाने बदनामीच्या दाव्यातून सुटका होत नाही. कोपरीकर, नोटीस, खांब आणि अडकलेली माणसे यांबद्दल बाई नेमके काय बोलल्या, ते त्यांच्याच शब्दांत द्याल का?

कोपरीकर
रेकॉर्डिंगमधील मिनिट-सेकंदांसह देते:
०६:४० – "सेक्रेटरी सांगत होते, नोटीस आलीये, सी-वनची म्हणे."
०९:१५ – "आठ दिवस वर ठोकाठोकी चालली होती, खांबच काढला असणार त्या ठेकेदाराने."
११:०५ – अडकलेल्यांचा आकडा "सात" आहे की "साठ", हे फोनवर स्पष्ट ऐकू येत नाही.

जुना उपसंपादक
म्हणजे मसुद्यातील चार वाक्ये एका जातीची नाहीत. ठोकाठोकी बाईंनी स्वतः ऐकली. खांब काढणे हा त्यांचा तर्क आहे. नोटीस ही सेक्रेटरींकडून आलेली ऐकीव गोष्ट आहे. मसुद्यात "म्हणे" आणि "असणार" गळाले, आणि तर्क व ऐकीव गोष्ट दोन्ही सारख्याच ठाम झाल्या. खूण शेवटी एकदाच न करता प्रत्येक दाव्याला लावावी. उदाहरणार्थ:

"०६:४० – नोटीस आल्याचे सेक्रेटरींकडून ऐकले, स्वतः पाहिलेली नाही. अपुष्ट. नोटिशीची प्रत आणि पालिकेची धोकादायक इमारतींची यादी पाहणे."

"०९:१५ – वरच्या घरात आठ दिवस ठोकाठोकी ऐकली (प्रत्यक्ष). खांब काढला असावा (अंदाज). अपुष्ट. पंचनामा, अभियंता आणि ठेकेदाराची बाजू घेणे."

वर्ग सी-१ की सी-२अ, याने बातमीच बदलते. सी-१ इमारत रिकामी करून पाडायची असते, सी-२अ रिकामी करून दुरुस्त करायची असते. ऐकीव बोलण्यात हा फरक सहज पुसला जातो. आकड्यापुढे मात्र "सात/साठ, अस्पष्ट" असेच लिहून बाईंना पुन्हा फोन करा. संदर्भावरून आपण आकडा निवडू नये.

कळवा-खारीगाव
माझ्या भावाच्या अपघातात पोलिसांनी जबाब लिहून घेतला होता. तुम्हीही टिपणावर बाईंची सही घ्यावी, म्हणजे त्या पुढे शब्द फिरवणार नाहीत.

जुना उपसंपादक
हा पोलिसी जबाब नाही, आणि सहीने फक्त त्या असे बोलल्या एवढेच ठरेल. नोटीस खरोखर आली होती का, ते त्यातून कळणार नाही.

नौपाड्याचा वाचक
मग शेजारच्या आणखी दोघांनी नोटीस आल्याचे सांगितले, तर पुष्टी झाली असे धरावे ना?

जुना उपसंपादक
त्यांनी नोटीस स्वतः पाहिली असेल तर बळ येते. पण तिघांनाही सेक्रेटरींनीच सांगितले असेल, तर स्रोत एकच राहतो. प्रत्येकाला "तुम्हाला कोणी सांगितले?" हे विचारून उत्तर टिपणात ठेवावे.

कोपरीकर
बाईंना पुन्हा फोन केला. आकडा सात आहे. मात्र तोही त्यांनी गर्दीत ऐकला होता, म्हणून उच्चारलेला शब्द नक्की पण दावा अपुष्ट असे लिहिले आहे. वेळेचा पेच उरला आहे. ०२:१० ला त्या सव्वाचार म्हणतात आणि १७:३० ला "आवाज झाला तसे लगेच खाली धावलो, तेव्हा पाच वाजून गेले होते" असे सांगतात.

जुना उपसंपादक
दोन्ही वेळा मिनिटांसह ठेवा, मधली वेळ काढू नका. अग्निशमन दलाकडे पहिला फोन कधी आला ते विचारता येईल. पण ती वेळ फोनची आहे, स्लॅब पडण्याची नव्हे. त्यावरून एवढेच ठरेल की स्लॅब त्याआधी पडला होता.

कोपरीकर
बाईंनी ठेकेदाराचे नाव घेतले आहे. टिपण कार्यालयात चार जणांकडे जाते, म्हणून नावाऐवजी "ठेकेदार" लिहून मूळ नाव फक्त रेकॉर्डिंगमध्ये ठेवावे असे मला वाटते.

जुना उपसंपादक
माझे मत वेगळे आहे. नाव नसेल तर सहकारी त्याची बाजू घेण्यासाठी फोन कोणाला करणार? नाव ठेवून शेजारी "छापू नये, अपुष्ट" असे लिहावे. मात्र टिपण व्हॉट्सअॅप गटावर फिरत असेल, तर तुमची काळजी रास्त आहे. हे तुमच्या संपादकांनीच ठरवायला हवे.